उतारावरच्या ठोकळ्याचं उत्तर वारंवार चुकतंय? आधी आकृतीतले बाण तपासा

खडबडीत उतारावर ठोकळा ठेवलाय, घर्षण गुणांक दिलाय, बाहेरून एखादं बल लावलंय, आणि विचारलंय की घर्षण बल किती किंवा त्वरण किती. अकरावीला गतीचे नियम शिकताना हे गणित हमखास येतं आणि पुढे प्रवेश परीक्षांपर्यंत पाठ सोडत नाही. तक्रारही ठरलेली असते. सूत्रं पाठ आहेत, आकडेमोड दोनदा तपासली आहे, तरी उत्तर जुळत नाही. एका गणितात जी रीत चालली तीच पुढच्या गणितात वापरली की फसते, हे तर जास्तच त्रासदायक. अशा वह्या उघडून पाहिल्या की चूक समीकरणात क्वचितच सापडते. समीकरण म्हणजे वर काढलेल्या आकृतीचंच लिखित रूप. त्या आकृतीत एखादा बाण जास्त असतो, एखादा उलटा असतो, नाहीतर एखाद्या बाणाची किंमत न तपासता गृहीत धरलेली असते.

म्हणून इथे एकच ठोकळा घेऊन त्याच्यावर वेगवेगळी परिस्थिती लादून पाहू. वस्तुमान ५ किलो, उताराचा कोन ३७ अंश, g ची किंमत १०. कोन ३७ घेण्याचं कारण एवढंच की ३-४-५ च्या त्रिकोणामुळे त्याचा sin जवळजवळ ०.६ आणि cos जवळजवळ ०.८ येतो, म्हणजे लक्ष आकडेमोडीत अडकत नाही. स्थितिक घर्षण गुणांक μs = ०.५ आणि गतिज घर्षण गुणांक μk = ०.४. ठोकळ्याचं वजन ५० न्यूटन, त्याचा उताराच्या दिशेचा घटक ३० न्यूटन आणि उताराला लंब घटक ४० न्यूटन. हे आकडे शेवटपर्यंत लागतील.

प्रत्येक बाण कोणी लावला, हे सांगता आलं पाहिजे

फ्री बॉडी डायग्राम म्हणजे ठोकळ्याला बाकी सगळ्यापासून सुटा काढून, त्याच्यावर बाहेरून कोण कोण बल लावतंय ते दाखवणारी आकृती. यात उतार काढायचाच नाही, हे बरेच जण विसरतात. प्रश्नाबरोबर उताराचं चित्र दिलेलं असतं आणि मुलं त्याच चित्रावर बाण काढायला घेतात. मग ठोकळ्याने उतारावर लावलेलं बलही त्याच गर्दीत शिरतं आणि नंतर ते वेगळं काढता येत नाही. बाजूला नवीन जागेत एक ठिपका काढा आणि सगळे बाण त्या ठिपक्यापासून बाहेर जाऊ द्या.

आता प्रत्येक बाणाबद्दल एकच प्रश्न: हे बल कोण लावतंय? पृथ्वी सोडली तर उत्तर नेहमी ठोकळ्याला प्रत्यक्ष टेकलेलीच एखादी वस्तू असायला हवी. नुसत्या उतारावर ठेवलेल्या ठोकळ्याला फक्त उतार टेकलाय. पृथ्वीचं वजन mg सरळ खाली. उताराचं अभिलंब बल N, ज्याला वर्गात आपण नुसतं नॉर्मल म्हणतो, ते पृष्ठभागाला लंब आणि पृष्ठभागापासून बाहेर. उताराचंच घर्षण f, पृष्ठभागाला समांतर. झाले तीन बाण. दोरी बांधली असेल किंवा हाताने ढकलत असाल तर चौथा. याच्यावर काहीही दिसलं तर ते खोडायचं.

सगळ्यात जास्त वेळा खोडावा लागणारा बाण म्हणजे उताराच्या दिशेने खाली दाखवलेला mg sinθ. तो mg बरोबरच, तेवढ्याच ठळक रेषेने काढलेला असतो. हे बल कोण लावतं विचारलं की उत्तर येतं, पृथ्वी. पण पृथ्वीचा बाण तर आधीच काढलेला आहे! घटक म्हणजे त्याच बाणाचे दोन भाग. मूळ बाण आणि त्याचे भाग दोन्ही ठेवले तर वजन दोनदा मोजलं जातं. यावर सोपा उपाय आहे. घटक नेहमी तुटक रेषेने काढा, आणि काढून झाल्यावर मूळ mg च्या बाणावर एक आडवी काट मारा. त्यानंतर समीकरणात एकतर mg येईल नाहीतर त्याचे घटक, दोन्ही येणार नाहीत.

दुसरा घुसखोर म्हणजे ma. ठोकळा खाली घसरतोय म्हणून खालच्या बाजूला ma चा बाण काढला जातो. ma हे बल नाही. सगळी बलं एकत्र केल्यावर जे उरतं त्याचा परिणाम म्हणजे ma, आणि त्याची जागा समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला आहे. त्वरणाची दिशा दाखवायचीच असेल तर ती ठिपक्यापासून लांब, वेगळ्या रंगाने दाखवा.

sin कुठे आणि cos कुठे

घटक उलटे लावण्याची चूक पाठांतराने जात नाही, कारण काही गणितांत कोन उभ्या रेषेपासून दिलेला असतो आणि पाठ केलेलं तिथे उलटं पडतं. भूमिती मात्र एका वाक्यात सांगता येते. उतार आडव्या रेषेपासून जेवढ्या कोनातून वर उचललाय, तेवढ्याच कोनातून त्याचा लंब उभ्या रेषेपासून कललेला असतो. म्हणून θ हा कोन वजनाचा बाण आणि उताराचा लंब यांच्यामध्ये सापडतो. लंबाच्या बाजूचा घटक mg cosθ आणि उताराच्या बाजूचा mg sinθ.

खात्री करायची असेल तर उतार मनातल्या मनात पूर्ण आडवा करा. θ शून्य झाला की ठोकळा घसरायला काही कारण उरत नाही, म्हणून उताराच्या दिशेचा घटक शून्य झाला पाहिजे. sin ०° शून्यच आहे. तुमच्या आकृतीत उताराच्या दिशेला cos लागला असेल, तर सपाट टेबलावरचा ठोकळा आपल्या पूर्ण वजनाएवढ्या बलाने आडवा ओढला जाईल. हे खरं नाही हे सगळ्यांना कळतं.

आकृती काढताना उतार कमी चढाचा काढा, साधारण २० अंशांचा, प्रश्नात कोन कितीही असो. अनेकांच्या वहीत उतार सवयीने ४५ अंशांच्या आसपास काढलेला दिसतो. त्या कोनाला दोन्ही घटक सारख्याच लांबीचे दिसतात, त्यामुळे sin आणि cos ची अदलाबदल झाली तरी डोळ्यांना काही खटकत नाही. कमी चढाच्या आकृतीत लंब घटक लांब आणि उताराचा घटक आखूड दिसतो. कोणता घटक कोणता हे मग बघूनच कळतं.

N चं सूत्र पाठ करण्यात धोका आहे

N = mg ही चूक सपाट टेबलाच्या सवयीतून येते आणि लवकर सुटते. पण N = mg cosθ हे पाठ केलेलं सूत्र त्याहून जास्त नुकसान करतं, कारण ते बहुतेक वेळा बरोबर येतं. N ला स्वतःचं असं कोणतंही सूत्र नाही. ठोकळा पृष्ठभागात घुसू नये आणि त्यापासून सुटूही नये, यासाठी जेवढं बल लागेल तेवढं पृष्ठभाग लावतो. ते किती, हे प्रत्येक गणितात लंब दिशेच्या समीकरणातूनच काढायचं.

बारावीला वळणावरच्या कललेल्या रस्त्याचं प्रकरण येतं तेव्हा हा गोंधळ उघडा पडतो. तिथे घर्षण नसलेल्या रस्त्यासाठी N cosθ = mg लिहितात, म्हणजे N = mg/cosθ. इथे उतारावर आपण N = mg cosθ लिहितो. दोन्ही ठिकाणी कललेला पृष्ठभाग, दोन्ही ठिकाणी तेच दोन बाण. आपल्या आकड्यांत एकीकडे N ६२.५ न्यूटन आणि दुसरीकडे ४० न्यूटन. मुलं विचारतात, सर, खरं कोणतं? दोन्ही खरी आहेत. फरक त्वरणाच्या दिशेत आहे. वळणावरची गाडी आडव्या दिशेत, वर्तुळाच्या केंद्राकडे त्वरण घेते. उभ्या दिशेत तिचं त्वरण शून्य, म्हणून तिथे उभ्या दिशेतली बलं एकमेकांना तोलतात. उतारावरचा ठोकळा उताराच्या बाजूनेच सरकू शकतो. त्याच्या बाबतीत लंब दिशेतलं त्वरण शून्य असतं, म्हणून तोल लंब दिशेत साधतो. तेव्हा बाण काढून झाले की अक्ष निवडण्याआधी विचारायचं, या वस्तूचं त्वरण असलंच तर कोणत्या रेषेत असेल? एक अक्ष त्या रेषेत आणि दुसरा तिला लंब. उताराच्या गणितात अक्ष कलते घेतात ते यामुळेच.

घर्षण: खरी गडबड इथे आहे

वह्यांतली निम्मी चूक एकाच ओळीत असते: f = μN. ठोकळा हलतोय की नाही हे न पाहताच ती लिहिली जाते. स्थितिक घर्षणाबद्दल खरं विधान समीकरण नाही, मर्यादा आहे. f ची किंमत शून्यापासून μsN पर्यंत काहीही असू शकते. ठोकळा स्थिर ठेवायला जेवढं लागेल तेवढंच ते लागतं. μsN ही त्याची कमाल ताकद, जी सरकण्याच्या अगदी काठावर असतानाच वापरली जाते.

आपल्या ठोकळ्यावर हे पाहू. उताराला समांतर, वरच्या दिशेने P एवढं बल लावलंय आणि ठोकळा सुरुवातीला स्थिर आहे. लंब दिशेत P चा काहीच भाग नाही, म्हणून N ४० न्यूटन. स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा ०.५ गुणिले ४०, म्हणजे २० न्यूटन. आता घर्षणाचा बाण वर की खाली? ठोकळा स्थिर आहे असं धरा, f वरच्या दिशेने आहे असंही धरून टाका, आणि उताराच्या दिशेचं समीकरण लिहा.

f = mg sinθ − P

P जर २० न्यूटन असेल तर f दहा न्यूटन आलं. धन आलं म्हणजे दिशा धरल्याप्रमाणे वरच, आणि १० हे २० च्या आत, म्हणजे स्थिर असल्याचं गृहीतकही बरोबर. घर्षण १० न्यूटन. ज्याने थेट μsN लिहिलं त्याचं उत्तर २० येणार आणि त्यात वरवर काही चुकल्यासारखं वाटणारही नाही. P ३० न्यूटन केलं तर f शून्य! पृष्ठभाग खडबडीत आहे, ठोकळा दाबला जातोय, तरी घर्षण शून्य, कारण सरकण्याचा कल कोणत्याच बाजूला उरलेला नाही. P ४५ केलं तर f = −१५. उणे चिन्ह म्हणजे घर्षण उलट दिशेने, उतारावरून खाली. वर ढकलणाऱ्या हातामुळे ठोकळ्याचा कल आता वर सरकण्याकडे आहे, त्यामुळे घर्षण खाली खेचतंय. आकडा १५, मर्यादेच्या आत, ठोकळा जागचा हलत नाही.

म्हणजे P दहा न्यूटनपासून पन्नास न्यूटनपर्यंत काहीही असलं तरी ठोकळा स्थिर. या पूर्ण पट्ट्यात घर्षण वर २० पासून शून्यातून जात खाली २० पर्यंत बदलत राहतं. घर्षण उतारावर नेहमी वरच्या दिशेने असतं, हा समज इथे मोडला पाहिजे. दिशा चटकन ओळखायची असेल तर क्षणभर पृष्ठभाग गुळगुळीत आहे असं समजा. मग ठोकळा जिकडे सरकला असता, त्याच्या उलट दिशेला स्थितिक घर्षण.

P पट्ट्याच्या बाहेर गेलं की चित्र बदलतं. समजा P ५६ न्यूटन. स्थिर धरून f = −२६ येतं. २६ हे २० पेक्षा जास्त. एवढं घर्षण हा पृष्ठभाग देऊ शकत नाही, म्हणून स्थिर असल्याचं गृहीतक मोडलं. ठोकळा वर सरकतो, घर्षण आता गतिज, किंमत ०.४ गुणिले ४०, म्हणजे १६ न्यूटन, दिशा खाली. परिणामी बल ५६ − ३० − १६ = १० न्यूटन वरच्या दिशेने, आणि त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग. P फक्त ५ न्यूटन असेल तर f = २५ लागेल, तेही मर्यादेबाहेर. ठोकळा खाली घसरतो, घर्षण १६ वर, परिणामी बल ३० − ५ − १६ = ९ न्यूटन खाली, त्वरण १.८.

दिशा चुकीची धरली तर उणे चिन्ह येऊन आपोआप कळतं, असं बऱ्याच वेळा शिकवलं जातं. स्थितिक घर्षणाला ते लागू आहे, कारण तिथे f हा अज्ञात आहे आणि समीकरण त्याची किंमत चिन्हासकट देतं. गतिज घर्षणाला ते अजिबात लागू नाही. तिथे १६ हा आकडा तुम्ही स्वतः बाहेरून आणून घालता. P = ५६ च्या गणितात घर्षण चुकून वर दाखवलं तर ५६ − ३० + १६ = ४२, त्वरण ८.४. कुठेही उणे चिन्ह नाही, इशारा देणारं काही नाही, आणि उत्तर चौपटीहून जास्त. म्हणून गतिज घर्षणाचा बाण काढण्याआधी पृष्ठभागाच्या सापेक्ष ठोकळा कोणत्या दिशेला सरकतोय हे ठरवावंच लागतं. स्थिर धरून केलेली पहिली चाचणी तीच दिशा सांगते.

प्रश्नाच्या शब्दांकडे मात्र नीट पाहा. वर आपण ठोकळा सुरुवातीला स्थिर आहे असं म्हटलं. P तेवढंच २० न्यूटन, पण ठोकळा आधीपासून खाली घसरत असेल, तर त्या क्षणी घर्षण १० नाही, १६ आहे. परिणामी बल ३० − २० − १६ = −६, म्हणजे ठोकळ्याचा वेग दर सेकंदाला १.२ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो. तो थांबला की घर्षण पुन्हा स्थितिक आणि १० न्यूटन. बाहेरचं बल तेच, उतार तोच, तरी आकृतीत दोन वेगळे आकडे. ‘स्थिर अवस्थेतून’ किंवा ‘घसरत असताना’ असे शब्द दिसले की त्यांच्याखाली रेघ मारून ठेवा.

स्थिर ठोकळ्याचं उत्तर तपासायची एक सोपी रीत आहे. कलत्या अक्षांवर गणित सोडवलं असेल तर पडताळा आडव्या आणि उभ्या अक्षांवर घ्या. P = २० च्या गणितात N = ४० आणि उतारावरून वरच्या दिशेला P व f मिळून ३०. उभ्या दिशेत N चा घटक ४० × ०.८ = ३२ आणि त्या ३० चा घटक ३० × ०.६ = १८. बेरीज ५०, बरोबर वजनाएवढी. आडव्या दिशेत N चा घटक ४० × ०.६ = २४ एका बाजूला, आणि ३० × ०.८ = २४ दुसऱ्या बाजूला. दोन्ही जुळले. एका ठिकाणी घटक उलटे लागले असतील किंवा आकृतीतला एखादा बाण समीकरणात यायचा राहिला असेल तर ते इथे दिसतं. बाण आकृतीतच नसेल तर मात्र हा पडताळाही तो दाखवणार नाही.

बल आडवं लावलं की

आता तोच ठोकळा, पण हात उताराला समांतर ढकलत नाही, जमिनीला समांतर ढकलतोय, उताराच्या दिशेने आत. बल ७५ न्यूटन. पाठ केलेलं N = mg cosθ वापरून काय होतं ते आधी पाहू. आडव्या बलाचा उताराच्या दिशेचा घटक ७५ × ०.८ = ६० न्यूटन वर. वजनाचा ३० खाली. स्थिर राहायला घर्षण ३० न्यूटन खाली लागेल. N ४० धरला तर मर्यादा २०, म्हणजे ठोकळा वर सरकतो, गतिज घर्षण १६, त्वरण (६० − ३० − १६)/५ = २.८. व्यवस्थित, पटण्यासारखं उत्तर.

ठोकळा मुळात हललेलाच नसतो. आडव्या बलाचा दुसरा घटक ७५ × ०.६ = ४५ न्यूटन ठोकळ्याला उतारात दाबतोय. हा घटक लंब दिशेच्या समीकरणात आला नाही, तिथेच सगळं फसलं. खरं समीकरण असं आहे:

N = mg cosθ + F sinθ

म्हणजे N = ४० + ४५ = ८५ न्यूटन, घर्षणाची मर्यादा ४२.५ न्यूटन, आणि लागणारं घर्षण ३०. ठोकळा आरामात स्थिर. फ्रान्सच्या गीयोम आमोंतों यांनी १६९९ साली मांडलेला नियमच हा आहे की घर्षण पृष्ठभागांना एकमेकांवर दाबणाऱ्या बलाच्या प्रमाणात असतं. वस्तूच्या वजनाशी त्याचा थेट संबंध नाही. आडवा धक्का जितका वाढवाल तितका ठोकळा वरही ढकलला जातो आणि दाबलाही जातो.

हा ठोकळा वर सरकवायला आडवं बल किती हवं? काठावर ०.८F − ३० = ०.५(४० + ०.६F). सोडवलं की F = १०० न्यूटन. उताराला समांतर ढकललं असतं तर ५० वर काम झालं असतं. याच समीकरणात F चा गुणक cosθ − μs sinθ असा येतो, आणि त्यातून एक लक्षात ठेवण्यासारखी मर्यादा दिसते. μs जर cosθ/sinθ एवढा किंवा त्याहून मोठा असेल, आपल्या कोनाला १.३३, तर कितीही मोठं आडवं बल लावा, ठोकळा वर सरकणार नाही. दाबामुळे वाढणारं घर्षण ढकलण्याच्या घटकाला कायम पुरून उरतं. गणित सोडवताना F उणे आलं तर बरेच जण चिन्ह पुसून टाकतात. ते पुसू नका, तो याच अवस्थेचा निरोप असतो.

दोरीने उताराच्या थोडं वरच्या कोनात ओढलं तर उलट होतं. दोरीचा लंब घटक ठोकळ्याला उचलतो, N कमी होतो, घर्षणाची मर्यादाही कमी होते. रीत तीच. N आधी काढायचा, घर्षणाला हात नंतर.

वर फेकलेला ठोकळा: एक आकृती पुरत नाही

शेवटचा प्रकार. हात काढून घेतलाय. ठोकळ्याला खालून ९.२ मीटर प्रति सेकंद वेगाने उतारावर वर सोडलंय. किती वर जाईल आणि खाली परत येईल तेव्हा वेग किती?

इथे आकृतीत उतारावरून वर जाणारा एक बाण हमखास दिसतो, ‘फेकण्याचं बल’ म्हणून. हे बल कोण लावतंय ते विचारा. हात सुटलेला आहे, त्यामुळे उत्तर नाही, त्यामुळे बाणही नाही. वेग वर असला तरी बल वर असलंच पाहिजे असं नाही.

वर जाताना घर्षण खाली. वजनाचा घटकही खाली. दोन्ही मिळून ३० + १६ = ४६ न्यूटन, म्हणून वेग दर सेकंदाला ९.२ ने कमी होतो. एका सेकंदात ठोकळा थांबतो, तोवर ४.६ मीटर वर गेलेला असतो. इथपर्यंत बहुतेकांचं बरोबर येतं. मग तेच ९.२ परतीसाठी वापरून खाली पोचतानाचा वेगही ९.२ लिहिला जातो, आणि त्यात काही विचित्र वाटत नाही, कारण सरळ वर फेकलेल्या चेंडूची तशी सवय असते.

थांबल्यावर सगळे बाण पुसून आकृती नव्याने काढावी लागते. त्या क्षणी ठोकळा स्थिर आहे, म्हणून पहिला प्रश्न पुन्हा तोच: तो इथे टिकेल का? टिकायला वरच्या दिशेने ३० न्यूटन घर्षण लागेल, मिळू शकतं २०. टिकत नाही. खाली घसरायला लागला की गतिज घर्षण वर, १६ न्यूटन. परिणामी बल १४ न्यूटन, त्वरण २.८. ४.६ मीटर खाली येताना वेग होतो २ × २.८ × ४.६ चं वर्गमूळ, म्हणजे साधारण ५.१ मीटर प्रति सेकंद. वेळ सुमारे १.८ सेकंद लागतो. जायला एक सेकंद, यायला जवळजवळ दुप्पट. परतीचा वेग सुटतानाच्या वेगापेक्षा जास्त किंवा तेवढाच आला, तर घर्षणाचा बाण उलटवायचा राहिलाय असं समजा. घर्षण ऊर्जा काढून घेतं, परत देत नाही.

या सगळ्यात आपण ठोकळ्याला एक बिंदू मानलं आणि सगळे बाण एका ठिपक्यातून काढले. सरकण्याच्या प्रश्नांना ते पुरतं. ठोकळा उंच आणि अरुंद असेल आणि तो घसरेल की कलंडेल असं विचारलं असेल, तर ठिपका चालणार नाही. तिथे ठोकळा पूर्ण काढावा लागतो, आणि N चा बाण तळाच्या मध्यावर न काढता उताराच्या खालच्या बाजूला सरकवून दाखवावा लागतो. तो सरकत सरकत तळाच्या खालच्या कडेवर पोचला की ठोकळा कलंडण्याच्या काठावर असतो.